गृहीतक उलटलं, आता चर्चेत काय लिहू?

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला घेतली की एक वाक्य हमखास भेटतं. ‘प्रयुक्ताचे लक्ष विचलित झाल्यामुळे अपेक्षित निकाल मिळाले नाहीत.’ प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला तो माणूस. वीस जर्नलांत हे वाक्य असतं आणि विसांच्या विसांचं लक्ष एकाच दिशेला कसं काय विचलित झालं, हा प्रश्न कुणालाच पडलेला नसतो. निकाल मनासारखा आला की हेच विद्यार्थी प्रयुक्ताच्या लक्षाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तेव्हा वर्गात शांतता असते, उजेड पुरेसा असतो, सूचना नीट समजलेल्या असतात. निकाल उलटा आला की मात्र खिडकीखालून गेलेली रिक्षासुद्धा आठवते.

ज्यांनी हे जर्नल कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रयोगाच्या अहवालात आधी उद्देश, मग गृहीतक, म्हणजे आपल्याला काय घडेल असं वाटतं त्याचं एक वाक्य. मग साहित्य, पद्धत, निकाल आणि शेवटी चर्चा. प्रत्येक विद्यार्थी आपला एक प्रयुक्त घेऊन येतो. त्याच्या आकड्यांवर एक छोटी चर्चा लिहायची आणि सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र केले की त्यावर दुसरी, मोठी. चर्चेच्या आधीचं सगळं बऱ्याच अंशी उतरवून काढता येतं. चर्चा तशी काढता येत नाही, आणि गृहीतकाच्या विरुद्ध निकाल आला तर मुळीच नाही. कारण गेल्या वर्षीच्या ज्या जर्नलातून उतरवायचं, त्यात निकाल सुलटा असतो.

अशा वेळी काय करायचं, हे मी वर्गात एका नमुन्यावरून शिकवते. नमुना मी रचलेला आहे, त्यातले आकडे खऱ्या मुलांचे नाहीत. त्यातल्या चुका मात्र खऱ्या जर्नलांतून गोळा केल्या आहेत.

प्रयोग स्ट्रूपचा. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी संशोधकाने १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला आहे आणि तुम्हाला शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा आहे. जीभ अडखळते. स्ट्रूपच्या प्रयोगात रंगाचे १०० ठोकळे ओळखून सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. त्या जागी चुकीच्या शाईतले रंगांचे शब्द ठेवले आणि शाईचाच रंग सांगायला लावला, तर ११०.३ सेकंद. वाचायची सवय इतकी मुरलेली असते की नको म्हटलं तरी शब्द वाचला जातो आणि उत्तराच्या आड येतो. या अडथळ्याची किंमत सेकंदांत मोजता येते, म्हणून हा प्रयोग जगभरच्या प्रॅक्टिकलमध्ये टिकून आहे.

नमुन्यातल्या विद्यार्थ्यांनी त्यात आपली भर घातली. मातृभाषा मराठी असलेले २४ प्रयुक्त घेतले. प्रत्येकाला चार तक्ते दिले आणि प्रत्येक तक्त्यावर ४० नोंदी. पहिल्यात नुसत्या रंगीत फुल्या, त्यांचे रंग मराठीत सांगायचे. दुसऱ्यात लाल, निळा, हिरवा, पिवळा हे शब्द भलत्याच शाईत, रंग मराठीतच सांगायचे. तिसरा आणि चौथा तक्ता तसाच, पण इंग्रजीतून. शब्दांच्या तक्त्याला लागलेल्या वेळातून फुल्यांच्या तक्त्याचा वेळ वजा केला की उरतो तो अडथळा. गृहीतक असं होतं: मराठीतला अडथळा इंग्रजीतल्यापेक्षा जास्त असेल, कारण मातृभाषा अधिक मुरलेली.

निकाल आला तो असा. मराठीत फुल्या ३१ सेकंद, शब्द ४५. अडथळा १४ सेकंद. इंग्रजीत फुल्या २६, शब्द ४५. अडथळा १९ सेकंद. म्हणजे इंग्रजीत पाच सेकंद जास्त. २४ पैकी १७ जणांचा कल याच बाजूला.

आता इथे मोह होतात. आकडे बदलण्याचा मोह आहेच, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ती लबाडी आहे हे करणाऱ्यालाही माहीत असतं. दुसरा मोह जास्त साळसूद असतो. मागे जाऊन गृहीतकच बदलायचं. ‘इंग्रजीतला अडथळा जास्त असेल’ असं लिहिलं की चर्चा आपोआप सुटते आणि जर्नल देखणं दिसतं. हे विद्यार्थीच करतात असं नाही. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये या प्रकाराला ‘हार्किंग’ असं नाव दिलं. निकाल कळल्यानंतर गृहीतक रचायचं आणि ते आधीपासूनच होतं असं भासवायचं, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे. यात आकडे खरेच राहतात, तरीही वाचकाची फसवणूक होते. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढलं तर नेम कसा होता हे कुणाला कळणार?

हा मोह किती व्यापक आहे याचा अंदाज २०२१ च्या एका तुलनेवरून येतो. शील, स्खाइयेन आणि लाकन्स यांनी मानसशास्त्रातले दोन प्रकारचे शोधनिबंध पाहिले. नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या निबंधांत पहिलं गृहीतक खरं ठरल्याचं ९६ टक्के वेळा आढळलं. ज्या निबंधांची योजना आकडे गोळा करण्याआधीच नियतकालिकाने तपासून स्वीकारली होती, त्यांत हेच प्रमाण ४४ टक्के होतं. दोन्हींतला फरक सगळा हार्किंगचाच नाही. न जमलेले प्रयोग कपाटातच राहतात, हेही त्यात आलं. पण गृहीतक आधी बांधून घेतलं की निम्म्याहून जास्त वेळा ते उलटतं किंवा नुसतंच लटकतं, एवढं त्यातून दिसतं. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे सैल होतात.

तिसरा मोह आकडेशास्त्राच्या दारातून येतो. आपल्या नमुन्यात फरकाची सरासरी ५ सेकंद, प्रमाण विचलन ९ सेकंद, माणसं २४. टी-मूल्य येतं २.७२. कोष्टकात पाहिलं तर ते लक्षणीय. विद्यार्थी आनंदाने लिहितो, ‘फरक ०.०५ पातळीवर सार्थ आहे.’ पण गृहीतक एका दिशेचं होतं आणि त्याने आधीच वन-टेल्ड टेस्ट निवडली होती. वन-टेल्ड म्हणजे, मी फक्त या एकाच बाजूला बघणार असा करार. बाजू ठरवून घेतली म्हणून त्या बाजूला पास होणं थोडं सोपं जातं. मग फरक दुसऱ्या बाजूला निघाला तर करारानुसार तुम्हाला एवढंच म्हणता येतं, की गृहीतकाला आधार मिळाला नाही. निकाल बघून गुपचूप टू-टेल्ड टेस्ट लावणं म्हणजे नाणं पडल्यावर छापा-काटा बदलून मागणं. माझं स्वतःचं मत विचाराल तर विद्यार्थ्यांनी वन-टेल्डच्या वाटेला जाऊच नये. गेलेच असतील तर चर्चेत सरळ लिहावं: ‘कसोटी एका दिशेची ठरवली होती, फरक विरुद्ध दिशेला आढळला. तो आम्ही अनपेक्षित निरीक्षण म्हणून नोंदवत आहोत. त्याची खातरजमा नव्या प्रयुक्तांवर करावी लागेल.’ यात कमीपणा काहीच नाही, आणि तपासायला आलेल्या एक्स्टर्नलला असं वाक्य वर्षाकाठी एखाद्याच जर्नलात दिसतं.

हे सांभाळलं की चर्चेचा पहिला परिच्छेद सोपा असतो. त्यात गृहीतक जसंच्या तसं सांगायचं, निकाल सांगायचा आणि दोघांची गाठ सांगायची. नमुन्यात तो असा होतो: ‘मराठी शब्दांमुळे होणारा अडथळा इंग्रजी शब्दांमुळे होणाऱ्या अडथळ्यापेक्षा जास्त असेल, अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. दोन्ही भाषांत अडथळा दिसला, पण इंग्रजीत तो सरासरी ५ सेकंदांनी जास्त होता.’ झालं. ‘दुर्दैवाने’ नको, ‘तथापि काही कारणास्तव’ नको. ‘गृहीतक सिद्ध झाले नाही’ हे वाक्य जर्नलांत लाडकं आहे. त्यात ‘सिद्ध’ हा शब्द खटकतो. २४ माणसांवरून सिद्ध काहीच होत नसतं. आधार मिळतो किंवा मिळत नाही.

त्या परिच्छेदातले ‘दोन्ही भाषांत अडथळा दिसला’ हे शब्द मुलं गाळतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत कामाचे. प्रयोग मुळात चालला की नाही, हे त्यातून कळतं. मराठीत १४ आणि इंग्रजीत १९ सेकंदांचा अडथळा आला, म्हणजे तक्ते बरोबर होते, स्टॉपवॉच बरोबर होतं, सूचना समजल्या होत्या. स्ट्रूपला जे दिसलं ते आपल्यालाही दिसलं. अडथळा कुठेच दिसला नसता तर मराठी-इंग्रजीची तुलना करण्यात अर्थच नव्हता. तेव्हा चर्चा वेगळी लिहावी लागली असती, शाई फिकी होती का, लोक डोळे बारीक करून शब्द पुसट करत होते का, अशा अंगाने. (लोक खरंच तसं करतात. सूचनांत ते बजावून सांगावं लागतं.) इथे यंत्र चालू आहे, फक्त आपल्याला वाटलं होतं त्या दिशेला चाललेलं नाही. त्यामुळे बिघाड यंत्रात न शोधता आपल्या तर्कात शोधायचा.

पण त्याआधी सबबींचा हिशेब. मी मुलांना एकच नियम देते: कुठलंही कारण लिहिण्याआधी विचारा, हे कारण निकालाला कुठल्या बाजूला ढकलतं? गोंगाट होता म्हणता. चारही तक्त्यांच्या वेळी होता ना? मग तो दोन्ही भाषांत सारखाच मिसळला, त्याने इंग्रजीचे पाच सेकंद का वाढावेत? प्रयुक्त कमी होते म्हणता. माणसं कमी असली की आकडे डळमळतात, असलेला फरक हाती लागत नाही. पण ते ठरवून उलट्या बाजूला झुकत नाहीत. २४ माणसांचा परिणाम कुठे दिसतो ते सांगायचं असेल तर असं सांगा: खरा फरक साधारण १ ते ९ सेकंदांच्या दरम्यान कुठेही असू शकेल. हे उपयोगी आहे. ‘नमुना लहान होता’ हे नाही.

क्रमाची गोष्ट जास्त गमतीची आहे. नमुन्यातल्या विद्यार्थ्यांनी सगळ्यांना मराठी तक्ते आधी दिले, इंग्रजी नंतर. अर्ध्यांना उलटा क्रम द्यायला हवा होता. ही चूक आहे आणि जर्नलात ती ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकली जाते. तिला नियम लावून पाहू. पहिल्या दोन तक्त्यांत हात बसला, सराव झाला, तर नंतरच्या इंग्रजी तक्त्यांत अडथळा कमी व्हायला हवा. आपल्याकडे तो जास्त आला. म्हणजे ही चूक निकालाचं स्पष्टीकरण देत नाही. उलट ती नसती तर फरक आणखी मोठा दिसला असता, असंही म्हणता येईल. कंटाळ्याचं काय? चारही तक्ते मिळून अडीच मिनिटांच्या आत संपतात, तेवढ्यात माणूस दमत नाही. पण तीच चूक दुसरीकडे नडते. इंग्रजीतल्या फुल्या २६ सेकंदांत झाल्या आणि मराठीतल्या ३१ मध्ये, यावरून ‘रंगांची इंग्रजी नावं जास्त सवयीची आहेत’ असं कुणी म्हणायला गेलं तर त्याला थांबवावं लागतं, कारण इंग्रजी फुल्या तिसऱ्या क्रमांकावर होत्या आणि तो वेग सरावाचाही असू शकतो. एकच चूक एका दाव्याला धक्का लावत नाही आणि दुसऱ्याला पाडते. मर्यादा लिहायची ती अशी, कोणत्या वाक्यावर तिचा परिणाम होतो ते सांगून.

त्या पाच सेकंदांमागे आणखी एक साधं कारण असू शकतं. शब्द मोठ्याने म्हणून पाहा. हिरवा, पिवळा, निळा; उच्चारात प्रत्येकी दोन अवयव, ‘लाल’ तेवढा एकाचा. रेड, ब्लू, ग्रीन एकेका अवयवाचे, ‘यलो’ दोनाचा. सरासरी काढली तर मराठी शब्द अर्ध्या अवयवाने लांब. ४० नोंदींत वीस अवयव जास्तीचे बोलावे लागतात, आणि त्याला काही सेकंद जातातच. पण इथेच वजाबाकीची गंमत आहे. तोंडाला लागणारा हा जादा वेळ फुल्यांच्या तक्त्यातही आहे आणि शब्दांच्या तक्त्यातही. वजा केला की तो निघून जातो. १४ आणि १९ मधला फरक त्याने भरून निघत नाही. म्हणून दोन्ही भाषांत शब्दांच्या तक्त्याला नेमके ४५ सेकंद लागले, हे बघून ‘म्हणजे भाषेने काही फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्यालाही उत्तर देता येतं: इंग्रजी शब्द बोलायला आखूड होते, तरीही ती बचत अडथळ्याने खाऊन टाकली.

सबबी अशा चाळून झाल्या तरी पाच सेकंद उरतातच. आता तर्काकडे वळायचं. विद्यार्थ्यांना वाटतं की निकाल उलटला म्हणजे स्ट्रूप चुकला, किंवा आपण. पण गृहीतक हे एकच वाक्य नसतं, ती साखळी असते. आपल्या नमुन्यात तिचे तीन दुवे आहेत. मुरलेलं वाचन उत्तराच्या आड येतं, हा पहिला. जितकं जास्त मुरलेलं तितका जास्त आड येतं, हा दुसरा. मराठी माणसाचं मराठी वाचन इंग्रजी वाचनापेक्षा जास्त मुरलेलं असतं, हा तिसरा. निकाल उलटला तर या तिघांपैकी निदान एक दुवा कच्चा आहे. पहिला शाबूत आहे हे दोन्ही भाषांतल्या अडथळ्याने दाखवलं. दुसऱ्याच्या बाजूने आधीच्या संशोधनाचं वजन आहे. तिसरा मात्र कुणी तपासलेलाच नव्हता. तो इतका स्वाभाविक वाटला की गृहीतकात लिहावासुद्धा लागला नाही.

आणि जरा कान देऊन ऐकलं तर तो दुवा आपल्या घरातच कुरकुरतो. कपड्यांच्या दुकानात ‘तो ब्लू दाखवा’ म्हणणारी माणसं घरी मराठीच बोलतात. लहान मुलाला रंग शिकवताना आजी ‘पिवळा’ म्हणते आणि आई ‘यलो’. बोलण्याची भाषा एक आणि वाचण्याची भाषा दुसरी, अशी महाराष्ट्रात एक अख्खी पिढी आहे. स्ट्रूपचा अडथळा येतो तो वाचण्यातून. मातृभाषा कोणती, हा प्रश्न विचारून आपण वाचनाचा सराव मोजला असं धरून चाललो.

चर्चेत एवढं लिहून चालत नाही, कारण हे स्पष्टीकरण निकाल पाहिल्यावर सुचलेलं आहे. अशा स्पष्टीकरणाची अडचण ही की ते नेहमीच पटतं. उद्या निकाल सुलटा आला असता तर तितकंच पटणारं उलट स्पष्टीकरणही आपल्याला सुचलं असतं. त्याला थोडं ओझं उचलायला लावायचं असतं. एक ओझं आधीच्या संशोधनाचं. एडिथ मेगिस्टे यांनी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये राहणाऱ्या जर्मनभाषक विद्यार्थ्यांवर स्ट्रूपची तपासणी केली. नवीन भाषेवरची पकड वाढते तसं अडथळ्याचं पारडं मातृभाषेकडून त्या भाषेकडे सरकतं, असं चित्र त्यातून पुढे आलं. हे आपल्या स्पष्टीकरणाशी जुळतं. मुलांना वाटतं, प्रस्तावनेत न आलेला संदर्भ चर्चेत आणता येत नाही. येतो, अनपेक्षित निकालाच्या वेळी तर यावाच लागतो. फक्त तो आधीपासून माहीत होता असं दाखवायचं नाही.

दुसरं ओझं आपल्याच आकड्यांचं. नमुन्यात प्रयुक्तांच्या शाळेचं माध्यम नोंदवलेलं होतं: १५ जण इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजीतले, ९ जण मराठी माध्यमाचे. वेगळं करून पाहिलं तर पहिल्या गटात इंग्रजीचा अडथळा सरासरी ८ सेकंदांनी जास्त, दुसऱ्यात दोन्ही भाषा बरोबरीत. विद्यार्थी लगेच लिहितो, ‘यावरून माध्यमाचा परिणाम सिद्ध होतो.’ थांब म्हणावं लागतं. ही विभागणी आपण निकाल पाहिल्यावर केली. नऊच माणसं एका बाजूला. आणि मुख्य म्हणजे, वाचनाचा सराव हेच कारण असतं तर मराठी माध्यमाच्या नऊ जणांत मराठीचा अडथळा जास्त यायला हवा होता. तो बरोबरीत आला. म्हणजे आपलं लाडकं स्पष्टीकरण अर्धंच उभं आहे. कदाचित हेही विद्यार्थी कॉलेजात येऊन पाच वर्षं इंग्रजीत वाचत आहेत. कदाचित कारण दुसरंच आहे. जे जुळत नाही ते स्वतःहून लिहिलं की चर्चेवर विश्वास बसतो.

नमुन्यातला परिच्छेद मग असा होतो: ‘प्रयुक्तांची मातृभाषा मराठी असली तरी त्यांच्या वाचनाची मुख्य भाषा इंग्रजी असावी, हे या निकालाचं एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. शालेय माध्यमानुसार आकडे वेगळे केले असता इंग्रजी व सेमी-इंग्रजी माध्यमाच्या गटातच फरक दिसतो. ही विभागणी निकालानंतर केलेली आहे, शिवाय मराठी माध्यमाच्या गटातही मराठीचा अडथळा जास्त आढळलेला नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण तूर्त अंदाज म्हणूनच मांडत आहोत.’ चार वाक्यं. यातला ‘असावी’ मोलाचा आहे. मराठीत आपल्याला ‘आहे’, ‘असावी’, ‘असू शकेल’ अशी खात्रीची उतरंड आयती मिळाली आहे आणि जर्नलात मात्र सगळं ‘आहे’ मध्येच लिहिलं जातं.

आपल्याकडच्या जर्नलांत प्रयुक्ताचं आत्मनिरीक्षण लिहून घ्यायची जुनी पद्धत आहे. प्रयोग संपला की ‘तुला काय वाटलं’ असं विचारून चार ओळी घ्यायच्या. बहुतेक वेळा ‘प्रयोग मजेशीर वाटला’ एवढंच मिळतं. पण उलट्या निकालाच्या वेळी त्या ओळी पुन्हा उघडून पाहाव्यात. नमुन्यात एकीने लिहिलं आहे, ‘मराठीच्या वेळी निळा म्हणू की निळी, असं होत होतं.’ ही अडचण इंग्रजीत नाही. ‘ब्लू’ ला लिंग नसतं. मात्र नियम इथेही लावायचा. अडखळणं मराठीत झालं, म्हणजे त्याने मराठीचा वेळ वाढेल, आणि आपला निकाल त्याच्या उलट आहे. तेव्हा ते स्पष्टीकरण म्हणून चालणार नाही, पुढच्या वेळची सूचना सुधारायला चालेल.

पुढच्या वेळचं काय, हा चर्चेचा शेवटचा भाग. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य मी लाल पेनने खोडते. कसलं संशोधन ते सांगायचं. आपल्या नमुन्यात काय राहिलं ते आता दिसतं: वाचनाचा वेग मोजलाच नाही. स्ट्रूपच्या प्रयोगात काळ्या शाईतले शब्द नुसते वाचायचा वेगळा तक्ता होता. १०० शब्दांना ४१ सेकंद लागत. आपण तो गाळला, कारण तास पन्नास मिनिटांचा. तोच तक्ता तिसऱ्या दुव्याची थेट परीक्षा घेतो. मात्र वाचनाच्या वेगात वजाबाकी नाही, तेव्हा शब्दांच्या लांबीचा हिशेब तिथे वेगळा धरावा लागेल. एवढं सांभाळून, ज्यांचं इंग्रजी वाचन मराठीपेक्षा जलद निघेल त्यांच्यातच इंग्रजीचा अडथळा जास्त दिसला, तर आपला अंदाज तगला. दोन्हींचा काही मेळ बसला नाही तर अंदाज सोडून द्यायचा. हे नवं गृहीतक तारखेनिशी वहीत लिहायचं, नव्या प्रयुक्तांवर तपासायचं, अर्ध्यांना इंग्रजी तक्ते आधी द्यायचे आणि सूचनांत एक ओळ वाढवायची: निळा, निळी, निळं, काहीही म्हटलं तरी चालेल.